प्रेरणादायी वाक्य मराठीत आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑफिसची भिंत, शाळेचा फलक, ॲपची सूचना, टी-शर्ट, सकाळचं व्हॉट्सॲप कार्ड. अशा ठिकाणी इंग्रजी किंवा हिंदी प्रेरणादायी वाक्य मराठीत आणायचं काम ज्यांच्याकडे येतं, त्यांच्यासाठी हे पान आहे. मराठी वाक्य बाहेरच्या भाषेत नेतानाचाही एक प्रश्न यात घेतला आहे. इथे फक्त एका दमात वाचून होणाऱ्या वाक्यांचा विचार केला आहे. परिच्छेद, भाषणं आणि कविता यांचे प्रश्न निराळे असतात.

अनुवाद अचूक असूनही वाक्य मिळमिळीत का होतं?

बहुतेक वेळा वाक्याचं वजन चुकीच्या शब्दावर जाऊन पडलेलं असतं. 'ड्रीम बिग' घ्या. दोन शब्द, त्यातला ठोसा 'बिग'मध्ये, आणि तो शेवटी. मराठी अनुवाद होतो 'मोठी स्वप्ने पाहा'. चूक काहीच नाही, पण मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून वाक्य 'पाहा'वर संपतं. या वाक्यातला सगळ्यात पोकळ शब्द नेमका तोच. स्वप्न म्हटलं की ती पाहायचीच असतात, त्यात नवीन काही सांगितलेलं नाही. 'मोठी' हा महत्त्वाचा शब्द सुरुवातीलाच वापरून संपला.

'इज'चं 'आहे' करतानाही हेच घडतं. इंग्रजीत तो शब्द मधे दबलेला असतो, मराठीत तो शेवटी येऊन बसतो. 'अपयश ही यशाची पहिली पायरी आहे' हे मोठ्यानं म्हणून बघा, मग 'आहे' काढून म्हणा. दुसऱ्यांदा वाक्य 'पायरी'वर थांबतं आणि उभं राहतं. हे वाक्य मराठीत टिकलं त्याचं आणखी एक कारण आहे. अपयश आणि यश यांचा नाद एकमेकांत अडकलेला आहे आणि तसा नाद इंग्रजीतल्या 'फेल्युअर' आणि 'सक्सेस'मध्ये मुळीच नाही.

मराठी भाषा लांबण लावते अशी तक्रार अनुवादक करतात, ती खरी नाही. 'इच्छा तेथे मार्ग', 'प्रयत्नांती परमेश्वर', 'अति तेथे माती', 'गर्वाचे घर खाली' यांत एकही क्रियापद नाही. मराठीला आखूड बोलायचं असतं तेव्हा ती क्रियापद टाकून देते. अनुवादक मात्र इंग्रजी वाक्याचा सांगाडा जपायचा म्हणून ते परत आणून बसवतो.

नाद गेला की फक्त गोडवा जात नाही, वाक्यावरचा विश्वासही कमी होतो. मॅथ्यू मॅकग्लोन आणि जेसिका तोफिगबख्श या संशोधकांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात यमक असलेली वचनं आणि त्याच अर्थाची यमक नसलेली वाक्यं लोकांना तपासायला दिली. यमकवाली वचनं लोकांना जास्त खरी वाटली. शब्दांची मांडणी आणि मजकूर वेगळे धरा अशी सूचना आधी दिल्यावर हा परिणाम कमी झाला. अनुवादात यमक हरवलं तर वाक्याची ही फुकटची विश्वासार्हता जाते, आणि मग अर्थ उघडा पडतो. उघडा पडल्यावर तो बऱ्याचदा फारच साधा निघतो, ही गोष्ट वेगळी.

लांबी मोजायची कशी? शब्द मोजून चालतील का?

नाही. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, त्यामुळे 'सोसल्याशिवाय' हा एकच शब्द इंग्रजीतल्या दोन-तीन शब्दांचं काम करतो. शब्द मोजले तर मराठी वाक्य आहे त्यापेक्षा आखूड वाटतं. उच्चार मोजावेत. 'नो पेन, नो गेन'मध्ये चार उच्चार आहेत. 'कष्टाशिवाय फळ नाही' हे तीनच शब्द, पण उच्चार सात: कष्-टा-शि-वाय्, फळ्, ना-ही. बोलताना शब्दाच्या शेवटचा 'अ' बहुधा गळतो, म्हणून 'फळ' हा एकच धरायचा.

भिंतीवर किंवा मोबाइलच्या पडद्यावर जाणारं वाक्य साधारण दहा-बारा उच्चारांत बसलं तर ते एका श्वासात होतं. त्याहून लांब असेल तर मधे ठळक थांबा हवा आणि दोन्ही बाजू तोलात हव्यात. मराठी कानाला तोलाची सवय अभंग-ओव्यांमुळे आहेच. रामदासांचं 'केल्याने होत आहे रे, आधी केलेचि पाहिजे' मोजा: आठ अक्षरं, मग पुन्हा आठ. पद्यात शेवटचा 'अ' गळत नाही, म्हणून तिथे 'होत' दोन अक्षरांचं धरतात. बोलण्यातल्या वाक्याला हा नियम लावू नये, नाहीतर आकडे फुगतात. एकाच वाक्याच्या दोन पर्यायांची तुलना करताना मोजण्याची पद्धत मात्र एकच ठेवावी.

'तू' म्हणायचं की 'तुम्ही'? आणि पुरुष-स्त्री यांचं काय?

इंग्रजी 'यू' दोन्ही निर्णय टाळून जातं. मराठीत ते टाळता येत नाहीत, आणि गडबड इथेच होते.

'यू कॅन डू इट'चा छापील अनुवाद 'तुम्ही हे करू शकता'. हे सूचनापत्रकातलं वाक्य आहे; वॉशिंग मशीनच्या पुस्तिकेत शोभेल. जवळीक आणायला 'तू' घेतला की लगेच 'शकतोस' की 'शकतेस' हा प्रश्न उभा राहतो, आणि तिरकी रेघ मारून दोन्ही लिहिलं की वाक्य मेलंच. पण मराठी माणूस प्रत्यक्ष धीर देताना असं बोलतच नाही. तो म्हणतो, 'जमेल तुला.' 'जमणे' या क्रियापदाचा कर्ता माणूस नसतो. माणूस चतुर्थीत जातो आणि क्रियापदाला त्याच्या लिंगाशी देणंघेणं उरत नाही. 'जमेल तुला', 'तुला जमेल', नुसतं 'जमेल!' हे तिन्ही चालतात आणि तिन्ही मुलालाही म्हणता येतात, मुलीलाही. कळणे, सुचणे, साधणे, आवडणे ही क्रियापदंही याच घरातली आहेत. लिंगाचा पेच पडला की आधी या घराचं दार ठोठवावं.

मोठ्यांसाठीच्या मजकुरात 'तुम्हाला जमेल' करता येतं, पण एका संचातल्या दहा कार्डांपैकी चारांवर 'तू' आणि सहांवर 'तुम्ही' असं होऊ देऊ नये. एकेक कार्ड वेगवेगळ्या दिवशी अनुवाद होऊन आलं की हे हमखास घडतं. ठरवायचा सोपा निकष म्हणजे बोलणारा कोण आहे ते बघणं. व्यायामाचं ॲप मित्रासारखं बोलत असेल तर 'तू'. बँक, रुग्णालय, सरकारी खातं असेल तर 'तुम्ही'.

आज्ञार्थ सगळीकडे तसाच ठेवायचा का?

इंग्रजी प्रेरणावाक्य बहुधा आज्ञा असते. मराठीत आज्ञांची रांग लागली की वाचणाऱ्याला मुख्याध्यापक आठवतात. त्यावर एक उपाय म्हणजे बोलणाऱ्यानं स्वतः वाक्यात शिरणं.

8 ऑगस्ट 1942 ला मुंबईत गोवालिया टँक मैदानावर गांधीजींनी दिलेला मंत्र बघा. इंग्रजीत तो 'डू ऑर डाय' असा जातो: दोन आज्ञा, दोन्ही 'ड'नं सुरू. हिंदुस्थानीत तो 'करेंगे या मरेंगे' आहे. तिथे आज्ञा नाही, 'आम्ही' आहे, आणि आद्याक्षराच्या जागी अंत्य यमक आहे. मराठीत 'करा किंवा मरा' असंही लिहिलेलं दिसतं, पण त्यात बोलणारा बाजूला उभा राहून इतरांना मरायला सांगतोय असा वास येतो. 'करू किंवा मरू' म्हटलं की तो रांगेत येतो, आणि कर-मर हे यमकही राहतं.

'वुई' आणताना मात्र एक फाटा लक्षात ठेवावा. मराठीत 'आपण' म्हणजे ऐकणाऱ्यासकट, 'आम्ही' म्हणजे ऐकणारा वगळून. 'टुगेदर वुई ग्रो' हे कर्मचाऱ्यांसाठी असेल आणि त्याचं 'आम्ही एकत्र वाढतो' झालं, तर भिंतीसमोर उभा असलेला कर्मचारी त्या वाक्यातून बाहेर पडला. उलट मदतवाहिनीच्या कार्डावर 'यू आर नॉट अलोन'साठी 'आम्ही आहोत ना' हेच बरोबर, कारण तिथे एक बाजू खरोखर दुसरीला आधार देते. 'तू एकटा नाहीस'मधला लिंगाचा पेचही त्यातून सुटतो. फोनच्या पलीकडे कुणीतरी असायला हवं, एवढीच अट.

मराठीत तयार म्हण असेल तर सरळ तीच वापरावी का?

कधी कधी. 'नो पेन, नो गेन'ला 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' ही म्हण अर्थानं नेमकी बसते. पण ती चौदा उच्चारांची आहे, दगडातून मूर्ती घडवण्याचं चित्र घेऊन येते आणि ती बहुधा वडीलधारी माणसं उच्चारतात. शाळेच्या वार्षिक अंकात ती चालेल. व्यायामशाळेच्या भिंतीवर, धाप लागलेल्या माणसासमोर, ती वाचून होणार नाही. तिथे 'घाम गाळ, बळ मिळव' असं काही नव्यानं जुळवावं लागतं.

दुसरा धोका दिसायला सारख्या पण अर्थानं वेगळ्या प्रयोगांचा. 'द स्काय इज द लिमिट'चं 'आकाश हीच मर्यादा' केलं की वाक्य उलटं फिरतं, कारण मराठीत मर्यादा म्हटली की अडवणूक आठवते. मग कुणीतरी 'आकाश ठेंगणे' सुचवतं. त्या वाक्प्रचाराचा अर्थ आनंदानं किंवा गर्वानं फुगून जाणं, म्हणजे काम झाल्यानंतरची अवस्था. इथे तर काम सुरू करायला सांगायचं आहे. म्हण निवडली की ती लोक कोणत्या प्रसंगी वापरतात ते आठवावं. काही म्हणी फक्त टोमणा मारायलाच वापरल्या जातात. 'दे रे हरी पलंगावरी' ही श्रद्धेची ओळ समजून कार्डावर टाकणारे आहेत.

एखादं वाक्य सुरुवातीपासून करून दाखवाल का?

'डन इज बेटर दॅन परफेक्ट' घेऊ. फेसबुकच्या ऑफिसांच्या भिंतींवर ते रंगवलेलं होतं आणि 2012 साली कंपनी शेअर बाजारात आली तेव्हा मार्क झुकरबर्ग यांनी गुंतवणूकदारांना लिहिलेल्या पत्रातही ते आलं. समजा, ते पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीला मराठीत भिंतीवर हवं आहे.

पहिलं काम म्हणजे वाक्य कुणाला काय करायला लावतं हे साध्या मराठीत, लांबीची पर्वा न करता लिहून काढणं: 'काम घासत बसू नकोस, चालण्याजोगं झालं की सोडून दे.' ही ओळ छापायची नसते. पुढचा प्रत्येक पर्याय तिच्याशी ताडून बघायचा असतो. ही पायरी गाळली की अनुवादक इंग्रजी शब्दांशी ताडत बसतो.

मग शब्दशः रूप करून बाजूला ठेवायचं: 'परिपूर्ण असण्यापेक्षा पूर्ण झालेले अधिक चांगले असते.' उच्चार वीस, मुळात सात. 'असण्यापेक्षा' मधे अडतं, 'असते' शेवटी लोंबतं. छापण्याच्या लायकीचं नाही, पण एक सापडलं: पूर्ण आणि परिपूर्ण. 'डन' आणि 'परफेक्ट' यांच्यात नादाचा काही संबंध नाही. मराठीत एक शब्द दुसऱ्याच्या पोटात आहे. शब्दशः रूप करायचं ते अशा सापडण्यासाठी.

आता त्या जोडीवरच वाक्य उभारायचं. 'परिपूर्ण नको, पूर्ण करा' हे दहा उच्चार. ठोसा आहे, पण आज्ञा आली, 'करा'मुळे 'तुम्ही' आलं आणि शेवटी पुन्हा क्रियापद. शिवाय 'परिपूर्ण नको' हे मोडून वाचलं तर कंपनीला चांगलं काम नकोच आहे असं वाटतं. ग्राहक आत आल्यावर भिंतीकडे बघणार आहे, हे विसरून चालत नाही.

दुसरा पर्याय: 'आधी पूर्ण, मग परिपूर्ण.' नऊ उच्चार, क्रियापद नाही, तू-तुम्ही नाही, लिंग नाही. आणि 'आधी… मग…' ही चाल मराठी माणसाच्या कानात तानाजी मालुसऱ्यांच्या तोंडी असलेल्या 'आधी लगीन कोंढाण्याचं, मग माझ्या रायबाचं' या ओळीपासून बसलेली आहे. वाचणाऱ्याला ती ओळ आठवलीच पाहिजे असं नाही. चाल ओळखीची वाटली तरी पुरे.

आता हिशोब. या पर्यायाचा उलटा अनुवाद केला तर 'फर्स्ट कम्प्लीट, देन परफेक्ट' येतो. मूळ वाक्य सांगत होतं की परफेक्टचा नाद सोड. मराठी वाक्य सांगतं की परफेक्ट नंतर कर. वाक्य सौम्य झालं. सॉफ्टवेअरमध्ये ते खपतं, कारण तिथे पुढची आवृत्ती येतच असते. जिथे काम एकदाच होतं, म्हणजे निबंध, निविदा किंवा परीक्षेतला पेपर, तिथे 'मग' खोटं आहे आणि हा पर्याय बाद. तिथे 'अपुऱ्या उत्तमापेक्षा पुरं झालेलं बरं' असं काही घ्यावं लागेल. ते पंधरा उच्चारांचं आहे, भिंतीवर जड होईल, पण मजकुराच्या ओघात चालेल आणि अर्थाला धरून आहे. निवड इथे अनुवादकानं एकट्यानं करू नये. दोन्ही पर्याय आणि प्रत्येकात काय सुटलं याची एक ओळ असं वाक्य मागवणाऱ्याच्या हातात द्यावं.

राहता राहिली मांडणी. पूर्ण आणि परिपूर्ण एकाच ओळीत आले तर घाईत वाचणाऱ्याचा डोळा एकावरून दुसऱ्यावर घसरतो. स्वल्पविरामापाशी ओळ तोडून 'पूर्ण' खाली-वर एकाखाली एक येईल असं लावावं.

अर्थ इतका बदलला तर तो अनुवाद राहतो का? नाव कुणाचं लिहायचं?

रुपांतर फार जुनं आहे. 'उठा, जागे व्हा आणि ध्येय गाठेपर्यंत थांबू नका' हे वाक्य स्वामी विवेकानंदांच्या नावानं महाराष्ट्रातल्या असंख्य शाळांत लिहिलेलं असतं. ते त्यांच्या इंग्रजी 'अराइज, अवेक, अँड स्टॉप नॉट टिल द गोल इज रीच्ड'वरून आलं. ते इंग्रजी वाक्य कठोपनिषदातल्या 'उत्तिष्ठत जाग्रत प्राप्य वरान्निबोधत' यावर उभं आहे. मूळ संस्कृतात ध्येय नाही आणि थांबणंही नाही. श्रेष्ठांकडे जा आणि जाणून घ्या, असं आहे. पहिली दोन क्रियापदं तशीच ठेवून उरलेला भाग विवेकानंदांनी आपल्या श्रोत्यांसाठी बदलला, आणि तो बदललेला भागच जगभर गेला.

यातून दोन कामाच्या गोष्टी निघतात. भारतीय व्यक्तीचं इंग्रजी वचन हाती आलं तर अनुवादाला बसण्याआधी मूळ कोणत्या भाषेत होतं ते शोधावं. गांधी, टागोर, आंबेडकर, विनोबा यांच्या बाबतीत मूळ गुजराती, बंगाली, मराठी किंवा खरोखरच इंग्रजी असू शकतं. मूळ मराठी असताना इंग्रजीवरून परत मराठी करणं म्हणजे हातातलं खरं नाणं टाकून नकली घडवणं.

दुसरी गोष्ट नावाची. शब्द जवळपास तेच असतील तर अवतरणचिन्हं आणि नाव दोन्ही चालतात. वाक्य नव्यानं जुळवलं असेल तर अवतरणचिन्हं काढावीत आणि '… यांच्या विचारावरून' असं लिहावं. आणि मूळ ग्रंथ किंवा भाषण सापडतच नसेल तर नाव टाकूच नये. समाजमाध्यमांवर अब्दुल कलामांच्या नावानं फिरणाऱ्या ओळी त्यांनी खरंच म्हटल्या होत्या का, हे त्या पुढे पाठवणारं कुणी तपासत नाही.

हिंदीवरून मराठी करणं तरी सोपं असेल ना?

लिपी एक, शब्द बरेचसे सामाईक, म्हणून इथे अनुवादक झोपतो. 'शिक्षा ही सफलता की कुंजी है' यावरून घाईत 'शिक्षा हीच यशाची गुरुकिल्ली' असं छापून गेलं तर मराठी पोरं दाद देतील, पण वेगळ्या कारणासाठी. हिंदीतली 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, आपल्याकडे थट्टा. 'निरंतर चेष्टा करते रहो' वर्गात लावून बघा. हे शब्द निदान लगेच पकडले जातात. वाक्यरचना पकडली जात नाही. 'मेहनत इतनी खामोशी से करो' या साच्यातून आलेलं 'मेहनत इतक्या शांततेत करा की…' हे वाक्य मराठी वाटतं, पण आपल्याकडे हाच जोर 'असं… की' किंवा 'अशी मेहनत करा, की' असा येतो. शंका आली तर वाक्य हिंदी न पाहिलेल्या माणसाला वाचायला द्यावं.

मराठी वाक्य बाहेर नेताना काय हरवतं?

सगळ्यात आधी 'च'. लोकमान्य टिळकांचं वाक्य घ्या: 'स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे आणि तो मी मिळवणारच.' सगळी ताकद शेवटच्या एका अक्षरात आहे. 'मिळवणार' ही माहिती, 'मिळवणारच' हे आव्हान. इंग्रजीत असा प्रत्यय नाही. तिथे 'डेफिनेटली' घातलं असतं तर वाक्य विक्रेत्याचं झालं असतं. प्रचलित इंग्रजी रूप 'अँड आय शॅल हॅव इट' असं आहे: 'शॅल'चं भारदस्तपण आणि सगळे शब्द एकेका उच्चाराचे. हिंदीनं तिसराच मार्ग घेतला, 'और मैं इसे लेकर रहूँगा'. तिथे जोर 'लेकर रहना' या जोडक्रियापदात आहे.

तीन भाषांत हट्ट तीन ठिकाणी बसला आहे: प्रत्ययात, सहायक क्रियापदात आणि जोडक्रियापदात. 'च' ज्या जागी होता त्या जागी काही शोधत बसलं तर सापडत नाही. त्या भाषेत माणसं हट्ट कसा बोलून दाखवतात ते विचारावं. 'रे', 'की', 'ना', 'बरं का' यांचंही तेच आहे. 'जमेल की!' मधला 'की' इंग्रजीत शब्दानं येत नाही, तो 'ऑफ कोर्स यू कॅन'सारख्या अख्ख्या सुरात येतो.

इंग्रजी शब्द तसेच ठेवले तर?

लोक रोज बोलतात ते ठेवावेत. 'कम्फर्ट झोन'ला मराठी प्रतिशब्द घडवून वाक्य जड करण्यात अर्थ नाही. उलट घडवलेला प्रतिशब्द घात करतो: 'बी द बेस्ट व्हर्जन ऑफ युअरसेल्फ'चं 'स्वतःची सर्वोत्तम आवृत्ती बना' वाचलं की डोळे प्रकाशकाचं नाव आणि किंमत शोधू लागतात. 'कालच्यापेक्षा आज बरा' एवढं पुरतं, आणि लिंग नको असेल तर 'कालच्यापेक्षा आज बरं'.

'स्वप्ने' लिहावं की 'स्वप्नं'?

वाक्य बोलल्यासारखं असेल तर 'स्वप्नं', दगडात कोरल्यासारखं असेल तर 'स्वप्ने'. एका वाक्यात 'स्वप्नं' आणि 'ध्येये' असे दोन सूर मिसळू नयेत. बस्स.

वाक्य चांगलं आहे, पण पोस्टरवर बसत नाही. का?

इंग्रजीसाठी केलेली रचना देवनागरीला तशीच लावली म्हणून. इंग्रजी पोस्टरचा निम्मा जोर मोठ्या लिपीतून आणि अक्षरांमधल्या मोकळ्या जागेतून येतो. देवनागरीत मोठी लिपी नाही. अक्षरांत जागा सोडली तर शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. वेलांटी-मात्रा वर, उकार खाली जात असल्यामुळे दोन ओळींत अंतरही जास्त लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या रफाराला जाऊन भिडतो. तिरपा टाइपही टाळावा. बऱ्याच फाँटमध्ये तो सरळ अक्षरं यंत्रानं ढकलून केलेला असतो. जोर द्यायचा तर ठळक वजन किंवा रंग. वेबपानासाठी एवढं पुरेसं असतं:

```css
.suvichar:lang(mr) {
  letter-spacing: normal;
  font-style: normal;
  line-height: 1.5;
  text-wrap: balance;
}
```

पानावर `lang="mr"` जरूर लिहावं. सोय असलेल्या फाँटमध्ये त्यामुळे 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे येतात. `hi` असेल तर हिंदी वळणाचे. इनडिझाइनमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला गेली किंवा जोडाक्षरं फुटली तर परिच्छेदाला `Adobe World-Ready Paragraph Composer` लावलेला नाही असं समजावं. आणि छपाईला जाण्याआधी तयार फाइल मराठी वाचणाऱ्याच्याच डोळ्यांखालून घालावी, कारण मोडलेलं जोडाक्षर डिझायनरला नक्षीच वाटतं.

तयार झालेलं वाक्य तपासायचं कसं?

मूळ वाक्य माहीत नसलेल्या दोघा-तिघांना ते एकदाच वाचून दाखवा आणि विषय बदला. दहा मिनिटांनी पुन्हा म्हणायला सांगा. ज्या शब्दावर ते अडतात किंवा जो ते बदलून म्हणतात, तिथे वाक्य सैल आहे. त्यांनी बदललेला शब्द पुष्कळदा तुमच्यापेक्षा चांगला असतो, तो निमूट घ्यावा.

मग त्यांच्यापैकी एकाला विचारा की हे कोण कुणाला म्हणतंय. 'सर मुलांना' असं उत्तर आलं आणि वाक्य तरुण ग्राहकांसाठी असलं, तर शब्द फळ्यावरच्या सुविचाराच्या सुरात गेले आहेत. जिद्द, ध्येय, सातत्य, परिश्रम या शब्दांची रांग लागली की हे होतं. एखादा चालतो, तीन चालत नाहीत.

शेवटी वाक्याची थट्टा करून बघा. एखादा शब्द बदलून त्याचं विडंबन पटकन होतंय का? ऑफिसातली मंडळी ते पहिल्या आठवड्यातच करणार आहेत. विडंबन निरुपद्रवी असेल तर बिघडत नाही, उलट वाक्य तोंडात बसलं असं समजा. विडंबन मालकाच्या हेतूवर जात असेल, विशेषतः पगार आणि सुट्ट्यांच्या बाजूनं, तर वाक्य बदला.

अनुवादकाला काय सांगायचं आणि पैसे कसे द्यायचे?

चार शब्दांच्या वाक्याला शब्दावर दर लावला तर चहाही सुटत नाही, आणि मग काम चहाच्या घोटाइतक्या वेळातच होतं. अशा कामाला ट्रान्सक्रिएशन म्हणतात आणि ते दर वाक्यामागे किंवा दर तासामागे ठरवतात. सोबत सांगायचं ते इतकंच: वाक्य कुठे लागणार, कोण वाचणार, तू की तुम्ही, जास्तीत जास्त किती ओळी, आणि मूळ वाक्यातलं काय सुटलेलं चालेल. हा शेवटचा मुद्दा बहुतेक जण देत नाहीत, आणि सगळे वाद त्यावरच होतात. प्रत्येक वाक्याचे तीन पर्याय, त्यांचे उलटे अनुवाद आणि शिफारस, एवढं परत मागावं.

कोणती वाक्यं मुळीच घेऊ नयेत?

इंग्रजी अक्षरांवरच उभी असलेली. 'इम्पॉसिबल' फोडून 'आय ॲम पॉसिबल', 'टीम'च्या चार अक्षरांचे चार शब्द, 'फेल' म्हणजे शिकण्यातला पहिला प्रयत्न, या कसरती लॅटिन लिपीबाहेर चालत नाहीत. त्यांचं स्पष्टीकरण देणारा मराठी अनुवाद विनोद समजावून सांगण्याइतकाच कंटाळवाणा होतो. अशा वेळी मागवणाऱ्याला तसं कळवावं आणि त्याच प्रसंगासाठी मराठीत नवी ओळ लिहायची परवानगी मागावी. परवानगी मिळाली नाही तर इंग्रजी ओळ इंग्रजीतच राहू द्यावी.